गाळा मालकाचा, कर भाडेकरूचा

संशयी : माझा पहिला आक्षेप अगदी मुळावर आहे. विकणाऱ्याने कर वसूल करायचा आणि सरकारला भरायचा, ही कुठल्याही विक्रीकराची साधी रीत. इथे उलटं चाललंय. समजा, कर्वेनगरच्या मुख्य रस्त्यावर एका निवृत्त गृहस्थांचे ओळीने चार गाळे आहेत आणि प्रत्येकाचं भाडं महिना 30,000 रुपये. वर्षाचे झाले 14 लाख 40 हजार. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची, म्हणून त्यांना जीएसटीची नोंदणी लागत नाही आणि ते करही लावत नाहीत. कायद्यानेच त्यांना लहान समजून मोकळं सोडलं आहे. मग त्यांच्या स्टेशनरीवाल्या भाडेकरूला त्याच भाड्यावर 18 टक्के, म्हणजे महिना 5,400 रुपये, स्वतःच्या खिशातून का भरायला लावता? लहान माणसाला सूट द्यायची आणि ती त्याच्याकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याकडून वसूल करायची, याला सूट कसं म्हणायचं?

आग्रही : सूट नोंदणीतून आहे, करातून नाही. हा फरक ध्यानात घेतला की अर्धा राग निवळतो. निवृत्त माणसाने दरमहा विवरणपत्र भरावं, पोर्टलवर चलन काढावं, उशीर झाला तर विलंबशुल्क सोसावं, हे सगळं टळावं म्हणून मर्यादा आहे. पण त्याच्या गाळ्यात जो धंदा करतो त्याची नोंदणी आहे, त्याचा हिशेब टॅलीत आहे, त्याचं विवरणपत्र नाहीतरी जातंच. म्हणून रिव्हर्स चार्जमध्ये कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. व्यापारी गाळ्यांच्या भाड्याला हा नियम 10 ऑक्टोबर 2024 पासून लागला. त्याच वर्षी 9 सप्टेंबरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या 54व्या बैठकीत तशी शिफारस झाली आणि कारण स्पष्ट सांगितलं होतं : महसुलाची गळती थांबवणं.

संशयी : गळती थांबवण्याचा असा एक प्रयोग आधी झाला होता, तो मी विसरलेलो नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा कलम 9(4) खाली नोंदणी नसलेल्या कोणाकडूनही करपात्र वस्तू किंवा सेवा घेतली की घेणाऱ्याने कर भरायचा होता. दिवसाला 5,000 रुपयांपर्यंतची खरेदी तेवढी माफ. चहावाला, हमाल, सुतार, रद्दीवाला, सगळ्यांची बिलं जोडून दिवसाची बेरीज मारत बसावं लागे. साडेतीन महिन्यांत, 13 ऑक्टोबर 2017 ला, सरकारने ते स्थगित केलं. जे तेव्हा पेललं नाही ते आता पुन्हा कशाला?

आग्रही : तेव्हा जाळं सगळ्या बाजारावर टाकलं होतं, म्हणून फाटलं. 1 फेब्रुवारी 2019 पासून कलम 9(4) बदललं. आता सरकार ज्या वर्गाला सांगेल त्याच वर्गाने, सांगेल त्याच खरेदीवर कर भरायचा. आज तो वर्ग मुख्यतः बिल्डरांचा. कर्वेनगरमध्ये जुन्या सोसायट्यांचे पुनर्विकास चालू आहेत, तिथल्या विकसकाला प्रकल्पातली किमान 80 टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून करावी लागते. कमी पडली तर तुटीवर 18 टक्के, आणि सिमेंट नोंदणी नसलेल्याकडून आणलं तर ते 80 टक्क्यांच्या हिशेबाची वाट न पाहता त्याच महिन्यात करपात्र. आपल्या गाळ्याचं भाडं मात्र कलम 9(3) खाली येतं, म्हणजे ठरावीक सेवांच्या यादीत. इथे रोजच्या किरकोळ बिलांची बेरीज नाही. एक मालक, एक करार, महिन्याला एक रक्कम. यूआरडी खरेदी नोंदवायला शिकायची असेल तर याहून सोपं उदाहरण नाही.

संशयी : सोपं? मग आपल्या त्या चार गाळ्यांकडे बघू. पहिल्यात शिंपी आहे, त्याची नोंदणी नाही. त्याला हा कर नाही, कारण नियम नोंदणीकृत भाडेकरूलाच लागतो. दुसऱ्यात कंपोझिशनमधला किराणावाला. त्याच्यावर आधी बोजा पडला, मग ओरड झाली आणि 16 जानेवारी 2025 पासून त्याला वगळलं. तिसऱ्यात आपला स्टेशनरीवाला, चौथ्यात एक हॉटेल, दोघेही नेहमीच्या नोंदणीतले. मालक एक, भिंत एक, भाडं एक आणि कर फक्त दोघांना. हा न्याय मला समजत नाही.

आग्रही : न्यायाचं आपण शेवटी पाहू. आधी नोंद नीट करू, कारण या विषयात लोक न्यायावर भांडतात आणि दंड मात्र नोंदीच्या चुकीचा भरतात. स्टेशनरीवाल्याचं डिसेंबर 2025 चं भाडं घ्या. मालक करबील देऊ शकत नाही, म्हणून बील दुकानदारानेच स्वतःच्या नावे काढायचं. त्याला सेल्फ इनव्हॉइस म्हणतात. त्याची मालिका विक्रीच्या बिलांपेक्षा वेगळी ठेवावी, वर मालकाचं नाव-पत्ता, गाळ्याचा पत्ता, महिना, भाडं 30,000, सीजीएसटी 2,700, एसजीएसटी 2,700 आणि कर रिव्हर्स चार्जखाली देय असल्याचा उल्लेख हवा. मालकाला पैसे देताना पेमेंट व्हाउचर वेगळं. मालकाला 30,000 च जातात, 35,400 नव्हे. ही चूक मी नेहमी पाहतो : दुकानदार करासकट मालकाला देऊन मोकळा होतो आणि मालकाकडे तो कर भरायचा मार्गच नसतो. सरकारच्या लेखी मग दुकानदाराचा कर भरलेलाच नाही.

संशयी : आणि खात्यात कसं टाकायचं? माझ्या ओळखीतले निम्मे लोक भाडं खर्चात टाकतात आणि कराचं वर्षाअखेर सीएवर सोपवतात.

आग्रही : दोन नोंदी स्वतंत्र ठेवा. पहिली भाड्याची : दुकानभाडे खाते नावे 30,000, मालकाचे खाते जमा 30,000. दुसरी कराची : ‘आरसीएम इनपुट सीजीएसटी’ आणि ‘आरसीएम इनपुट एसजीएसटी’ प्रत्येकी 2,700 नावे, आणि ‘आरसीएम देय सीजीएसटी’ व ‘आरसीएम देय एसजीएसटी’ प्रत्येकी 2,700 जमा. मालकाच्या खात्यात कराचा एक रुपयाही जाता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही देय खाती विक्रीवरच्या देय करात मिसळू नका. विक्रीवरचा कर खरेदीच्या क्रेडिटमधून वळता करता येतो. रिव्हर्स चार्जचा कर क्रेडिटमधून फेडता येत नाही, तो रोखच भरावा लागतो, म्हणजे PMT-06 चलनाने इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये पैसे टाकून. एकाच देय खात्यात दोन्ही टाकले की महिनाअखेरची वळती नोंद रिव्हर्स चार्जही क्रेडिटमधून पुसून टाकते. पुस्तक जुळलेलं दिसतं आणि कर मात्र भरलेला नसतो.

संशयी : ठीक, पण खरा घोळ तारखेचा आहे. भाडं डिसेंबरचं, पैसे 5 जानेवारीला दिले. कर कोणत्या महिन्याचा? मी तीन जणांना विचारलं तर मला तीन उत्तरं मिळाली.

आग्रही : कारण नियमाला दोन तारखा आहेत आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून त्यातली एक बदलली. सेवेसाठी कराची तारीख म्हणजे पैसे दिल्याची तारीख किंवा सेल्फ इनव्हॉइसची तारीख, यांपैकी जी आधी येईल ती. त्याच दिवसापासून नियम 47ए आला : सेवा मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत सेल्फ इनव्हॉइस काढलंच पाहिजे. आता तुमचं उदाहरण बघा. दुकानदाराने 31 डिसेंबरला सेल्फ इनव्हॉइस काढलं तर तीच तारीख आधीची. कर डिसेंबरच्या GSTR-3B मध्ये, भरायची मुदत 20 जानेवारी. त्याने 5 जानेवारीला पैसे देताना काढलं तर कर जानेवारीचा, मुदत 20 फेब्रुवारी. दोन्ही रीती नियमात बसतात.

संशयी : म्हणजे तारीख दुकानदाराच्या हातात आहे. महिनाभर पैसे वापरायचे असतील तर बील उशिरा काढायचं. कर हा असा पेनाच्या टोकावर नाचतो?

आग्रही : नाचतो, पण दोरी आखूड आहे. भाडं दिलं की सेल्फ इनव्हॉइस काढलं नाही तरी पैसे दिल्याची तारीख कर ठरवून टाकते. आणि पैसे दिल्याची तारीख म्हणजे बँकेतून गेल्याची किंवा पुस्तकात नोंदल्याची, जी आधी असेल ती. 31 डिसेंबरला चेक लिहून नोंद केली आणि तो 3 जानेवारीला वटला, तर कर डिसेंबरचाच. भाडेकरार आगाऊ भाड्याचा असेल, म्हणजे डिसेंबरचं भाडं 5 डिसेंबरलाच दिलं असेल, तर सेल्फ इनव्हॉइसची वाट न पाहता कर डिसेंबरमध्ये बसतो. माझा सल्ला म्हणूनच रुक्ष आहे : ज्या महिन्याचं भाडं, त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला सेल्फ इनव्हॉइस. तुम्हाला मिळणारा महिनाभराचा वापर सोडा, पण खर्चाचा महिना आणि कराचा महिना एक राहतो. बारा महिन्यांचं भाडं आणि बारा विवरणपत्रं समोरासमोर ठेवली की चूक लगेच दिसते.

संशयी : तुमची रीत भाडं वेळेवर जातं असं गृहीत धरते. धंदा बसला आणि तीन महिने भाडं थकलं तर? मालकाला दमडी दिली नाही आणि सरकारला मात्र त्या न दिलेल्या भाड्यावरचा कर द्यायचा?

आग्रही : हो, कारण सेवा मिळालेली आहे. गाळ्याचं शटर रोज उघडत होतं. 30 दिवसांत सेल्फ इनव्हॉइस काढायचं बंधन भाडं दिलं की नाही हे विचारत नाही. बील निघालं की कर लागला.

संशयी : आणि काढलंच नाही तर? पैसेही दिले नाहीत, बीलही नाही. मग दोन्ही तारखा रिकाम्या.

आग्रही : इथे तुमचा आक्षेप पक्का आहे, मी तो खोडून काढणार नाही. कायदा म्हणतो, वरच्या तारखांनी ठरत नसेल तर घेणाऱ्याच्या पुस्तकात नोंद झाली ती तारीख. म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे थकलेल्या भाड्याची तरतूद नोंदवली त्याला कर आधी, ज्याने पुस्तकच कोरं ठेवलं त्याला नंतर. अधिकारी अर्थात म्हणेल की 30 दिवसांत बील काढायलाच हवं होतं. पण ‘काढायला हवं होतं’ ती तारीख आणि ‘काढलं’ ती तारीख, यातली नेमकी कोणती कराची, हे कलमाच्या शब्दांत निःसंदिग्ध नाही. थकबाकीच्या बाबतीत ही फट खरी आहे.

संशयी : मग आणखी एक फट दाखवतो. डिपॉझिट. पुण्यात गाळा घेताना सहा महिन्यांचं भाडं अनामत देतात. इथे 1,80,000. त्यावर कर लावला नाही, हे मला पटतं, ती परत मिळायची रक्कम आहे. पण गाळा सोडताना काय होतं? शेवटचे तीन महिने भाडं द्यायचं नाही, ते 90,000 अनामतीतून वळते करायचे आणि उरलेले 90,000 परत घ्यायचे, असं तोंडी ठरतं.

आग्रही : आणि बँकेवरून हिशेब लिहिणारा तिथेच फसतो. त्या तीन महिन्यांत बँकेतून मालकाला काहीच गेलेलं नसतं, म्हणून भाड्याची नोंदच होत नाही. प्रत्यक्षात अनामत भाड्यात वळती झाली की त्या क्षणी ती मोबदला ठरते आणि तिला 18 टक्के लागतात. 90,000 वर 16,200. महिनाअखेरच्या सेल्फ इनव्हॉइसची सवय असेल तर हे आपोआप सांभाळलं जातं, कारण ती सवय बँकेकडे बघत नाही, कॅलेंडरकडे बघते. तीन महिन्यांची तीन बिलं निघतात आणि मालकाच्या खात्यावर साठलेली बाकी अनामतीतून वळती होते.

संशयी : आता मुद्द्याचं विचारतो. तुम्ही म्हणता हा कर रोख भरा आणि त्याच विवरणपत्रात क्रेडिट घ्या. GSTR-3B च्या 3.1(d) मध्ये 5,400 देय दाखवायचे आणि 4(A)(3) मध्ये तेच 5,400 परत क्रेडिट. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचे असतील तर हा खटाटोप कशासाठी? आणि सरकारला त्यातून मिळतं काय? गळती कुठे होती?

आग्रही : पूर्ण क्रेडिट मिळणाऱ्या दुकानदारापुरतं तुमचं म्हणणं जवळपास खरं आहे. सरकारला त्याच्याकडून फार तर रोख थोडी आधी मिळते.

संशयी : ‘जवळपास’ का म्हणालात? आपल्याच स्टेशनरीवाल्याकडे बघा. कर्वेनगरात शाळा-कॉलेजं भरपूर, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा परिसर इथेच. दुकानाचं अर्धं आयुष्य वह्या-पेन्सिलींवर. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांच्यावरचा कर शून्य झाला. गिऱ्हाईक खूश झालं. पण शून्य कराच्या विक्रीसाठी वापरलेल्या खर्चाचं क्रेडिट ठेवता येत नाही. महिन्याची विक्री दोन लाख आणि त्यात वह्या-पेन्सिली 80,000 असतील, तर 40 टक्के विक्री करमुक्त. भाड्यावर भरलेल्या 5,400 पैकी 2,160 परत फिरवायचे. हे पैसे दुकानदाराचे गेले. मालकाला मिळाले नाहीत, गिऱ्हाईकाकडून वसूल झाले नाहीत.

आग्रही : हिशेब बरोबर आहे. 5,400 पूर्ण 4(A)(3) मध्ये घ्यायचे आणि 2,160 4(B)(1) मध्ये उलटवायचे, परस्पर 3,240 दाखवायचे नाहीत. पुस्तकात ते 2,160 भाडे खर्चात वर्ग करायचे. वर्षाअखेर साऱ्या वर्षाच्या विक्रीवर प्रमाण पुन्हा काढायचं, कारण जूनमध्ये वह्या खूप खपतात आणि डिसेंबरमध्ये कमी. महिन्या-महिन्याचं प्रमाण आणि वर्षाचं प्रमाण यांत फरक पडतोच.

संशयी : आणि चौथ्या गाळ्यातलं हॉटेल? ते गिऱ्हाईकाला 5 टक्के लावतं आणि त्या दरात त्याला क्रेडिटच नाही. त्याचे 5,400 पूर्ण बुडाले. वर्षाचे 64,800. त्याच्या पुस्तकात भाडं 30,000 नाही, 35,400 आहे. म्हणजे सगळा खटाटोप कोणासाठी, ते आता उघड झालं. ज्याला क्रेडिट मिळतं त्याच्याकडून सरकारला काही मिळत नाही. ज्याचं क्रेडिट तुटलेलं आहे त्याच्याकडूनच मिळतं. तुमची गळती म्हणजे हॉटेलवाला आणि वह्या विकणारा.

आग्रही : हो, महसूल तिथूनच येतो, हे मी मान्य करतो. पण त्याच हॉटेलची दुसरी बाजूही पाहा. समजा, त्याने समोरच्या इमारतीत नोंदणीकृत मालकाचा गाळा 30,000 ला घेतला असता. तो मालक बिलात 5,400 लावणारच आणि हॉटेलला त्याचंही क्रेडिट नाहीच. म्हणजे 10 ऑक्टोबर 2024 च्या आधी हॉटेलसाठी नोंदणी नसलेल्या मालकाचा गाळा महिना 5,400 रुपयांनी स्वस्त होता, कारण फक्त मालक लहान होता. कराच्या नियमाने गाळ्याची निवड ठरावी, हेही बरं नव्हे. आता दोन्ही गाळे सारखे झाले. तुम्ही ज्याला हॉटेलवरचा नवा बोजा म्हणता, तो समोरच्या इमारतीतलं हॉटेल 2017 पासून उचलत होतं.

संशयी : हे उत्तर मला मान्य करावं लागेल, पण अर्धंच. गाळ्या-गाळ्यांत समानता आली, भाडेकरू-भाडेकरूंत आली नाही. शेजारचा शिंपी अजूनही 30,000 च देतो. आणि त्याचा धंदा वाढून ज्या दिवशी तो नोंदणी घेईल, त्या दिवसापासून त्याच्या भाड्यावर 18 टक्के येतील. शिंपीकामावरचा कर गिऱ्हाईकाकडून मिळेल हे खरं, पण नोंदणी टाळण्याचं आणखी एक कारण तुम्ही त्याच्या हातात दिलंत.

आग्रही : ते कारण त्याच्याबाबतीत टिकत नाही, कारण त्याची सगळी कामं करपात्र असतील तर त्याला 5,400 पूर्ण परत मिळतात. पण त्याला हे पहिल्या महिन्यात दिसणार नाही. त्याला दिसेल ते फक्त चलन. इतकं तुमचं म्हणणं खरं.

संशयी : आता चुकलेल्यांचं बोला. हा नियम आला तेव्हा कोणी दुकानदारांच्या दारावर येऊन सांगितलं नव्हतं. नोंदणी असलेल्या पुरवठादारांची बिलं GSTR-2B मध्ये आपोआप येतात, आठवण होते. हे भाडं तिथे कधीच दिसत नाही, कारण मालक पोर्टलवरच नाही. मग वर्ष उलटलं आणि लक्षात आलं की पहिले पाच-सहा महिने राहिले. तेव्हा काय?

आग्रही : राहिलंय की नाही, हे तपासायची एक सोपी खूण आहे. सालअखेर टॅलीत, खर्चात वर्ग केलेला कर वगळून, भाड्याची बेरीज घ्या, ती 18 टक्क्यांनी गुणा आणि वर्षभराच्या 3.1(d) शी ताडून पाहा. दुसरी खूण आरसीएम देय खात्यांची : 31 मार्चला त्यांत फक्त मार्चचे 2,700 आणि 2,700 उरले पाहिजेत, कारण तेवढेच एप्रिलमध्ये भरायचे असतात. जास्त उरले तर भरलेलं नाही, कमी उरले तर क्रेडिटमधून पुसलं गेलं. ऑगस्ट 2024 पासून पोर्टलवर रिव्हर्स चार्जची देयता आणि क्रेडिट यांचं एक स्वतंत्र विवरणही आहे. तिथे घेतलेलं क्रेडिट भरलेल्या करापेक्षा जास्त दिसू लागलं तर कुठेतरी गडबड आहे. दुकानदार तिमाही विवरणपत्राच्या योजनेत असेल, तर पहिल्या दोन महिन्यांचं चलन पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत भरतो. त्यानेही सेल्फ इनव्हॉइस तिमाहीचं एक न काढता महिन्याचं महिन्याला काढावं, 30 दिवसांची अट त्याला माफ नाही.

संशयी : खूण सापडली, चूक सापडली. पुढे?

आग्रही : राहिलेल्या महिन्यांचं सेल्फ इनव्हॉइस आता काढायचं, कर रोख भरायचा आणि वर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. एका महिन्याचे 5,400 वर्षभर उशिरा भरले तर व्याज 972. या व्याजाचं क्रेडिट कोणालाच नाही, पूर्ण क्रेडिट मिळणाऱ्या दुकानदारालाही नाही. करापुरती मात्र दिलासा देणारी गोष्ट आहे. 26 जून 2024 च्या परिपत्रक क्रमांक 211 मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सांगितलं की नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या पुरवठ्यात क्रेडिटची मुदत सेल्फ इनव्हॉइस ज्या आर्थिक वर्षात निघालं त्या वर्षावरून मोजायची. म्हणजे जुन्या महिन्याचं बील आज काढलं तर क्रेडिट मुदतबाह्य होत नाही. उशिराबद्दल व्याज आणि दंड होऊ शकतो, असंही तेच परिपत्रक म्हणतं.

संशयी : परिपत्रक जूनचं आणि 30 दिवसांची अट नोव्हेंबरची. मग नंतर आलेला नियम आधीच्या सवलतीला मर्यादा घालतो की नाही? सात महिन्यांनी काढलेलं बील नियम 47ए मोडतं. मोडलेल्या नियमाच्या बिलावर क्रेडिट द्यायचं का, असं एखाद्या अधिकाऱ्याने उद्या विचारलं तर?

आग्रही : माझं मत, द्यायला हवं. 30 दिवसांची अट बील कधी काढायचं हे सांगते, क्रेडिट केव्हा संपतं हे सांगत नाही. क्रेडिट संपण्याची मुदत कलम 16(4) मध्ये आहे आणि तिथे 30 दिवस कुठे नाहीत. अट मोडली म्हणून दंड होऊ शकतो, पण भरलेला करच खर्चात जाणं हे दुप्पट शिक्षा ठरेल.

संशयी : तुमचं मत मला आवडलं. पण हॉटेलवाल्याला ते निरुपयोगी आहे, त्याला क्रेडिट नाहीच, आणि स्टेशनरीवाल्याला ते वादात जिंकावं लागेल. कागदावर तटस्थ असलेला कर प्रत्यक्षात तीन गोष्टींवर टेकलेला आहे : क्रेडिटचा हक्क पूर्ण आहे का, कर क्रेडिटमधून न पुसता रोख भरला का, आणि बील वेळेत निघालं का. यातली एक निसटली तरी तटस्थपणा संपतो आणि बोजा उरतो. मला वाटतं, भांडण करावं तर पहिल्या गोष्टीवर करावं, कारण ती सरकारच्या हातात आहे.

आग्रही : त्यावर आपलं एकमत नाही, पण बाकीच्या दोन गोष्टी दुकानदाराच्या हातात आहेत, हे तुम्हीही मान्य कराल. तेव्हा ज्यांनी नोंदणी नसलेल्या मालकाचा गाळा घेतला आहे त्यांनी आज एवढंच पाहावं : मागच्या महिन्याचं सेल्फ इनव्हॉइस निघालं आहे का, आणि आरसीएम देय खातं विक्रीच्या करापासून वेगळं आहे का. क्रेडिटचा वाद पुढे कोणत्याही बाजूने सुटो, महिन्याच्या शेवटच्या तारखेला बील काढणारा त्यात ओढला जाणार नाही.